पानामागची पांढरी माशी : पुण्यातील एका गॅलरीतील प्रकरणाचा अभ्यास

पुण्यातील एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरातील पश्चिमेकडच्या गॅलरीचे हे प्रकरण आहे. आमच्या परिचयाच्या काकूंनी तेथे चौदा कुंड्यांची लहानशी बाग केली होती. तीन वांगी, तीन टोमॅटो, दोन मिरच्या, दोन जास्वंदी, आणि तुळस, कढीपत्ता, गुलाब व पुदिना यांची प्रत्येकी एक कुंडी अशी तिची मांडणी होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावले, तेव्हा महिनाभर उपाय करून त्या थकल्या होत्या. पाणी घालताना झाडाला नुसता धक्का लागला तरी पानांखालून पांढऱ्या कणांचा लोट उठायचा, क्षणभर हवेत भिरभिरायचा आणि पुन्हा त्याच पानांखाली जाऊन बसायचा. "पिवळे सापळे लावले, कडुलिंबाचे तेल मारले, आणखी काय करायचे राहिले ते तूच सांग," असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे होते. साधने योग्यच होती, मात्र ती कोणत्या अवस्थेवर चालतात आणि कोणत्या अवस्थेवर चालत नाहीत, हे लक्षात न घेता वापरली गेली होती.

आधी काय काय झाले होते, ते नोंदवणे आवश्यक आहे. जानेवारीच्या सुरुवातीला वांग्याच्या पानांमागे थोड्या माश्या दिसल्यावर घरात डास-झुरळांसाठी असलेला फवारा त्यावर एकदा मारण्यात आला. त्या दिवशी माश्या पडल्या, पण दोन दिवसांत कोवळ्या पानांवर तपकिरी भाजल्याचे डाग उमटले आणि आठवड्याभरात माश्या पुन्हा दिसू लागल्या. घरगुती फवाऱ्यातील द्रावक पानांसाठी बनवलेले नसते, शिवाय त्यातील कीटकनाशकाने ढालकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या हे सगळे मित्रच आधी मरतात. त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा निमतेलाची फवारणी झाली, तीही उभ्याने वरून, म्हणजे पानांच्या वरच्या बाजूवर. पाच पिवळे चिकट सापळे टांगले होते आणि ते माश्यांनी भरूनही गेले होते. झाडे पिवळी पडत आहेत असे वाटल्याने दर आठवड्याला चमचाभर युरिया देणे सुरू झाले होते. जास्त नत्राने येणारी लुसलुशीत, रसाळ पालवी या किडीला विशेष मानवते, त्यामुळे हा शेवटचा उपाय किडीच्याच पथ्यावर पडला.

तपासणीसाठी मी दहापट मोठे दाखवणारे हातभिंग घेऊन गेलो होतो. पांढरी माशी नावाने माशी असली तरी खऱ्या माश्यांच्या कुळातली नाही. ती मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांच्या गणातली, सोंडेने रस शोषणारी कीड आहे. प्रौढ जेमतेम एक मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या अंगावर व पंखांवर पांढरी मेणासारखी भुकटी असते. वांग्यावरच्या प्रौढांचे पंख घराच्या उतरत्या छपरासारखे अंगाला चिकटून होते आणि दोन्ही पंखांच्या मधल्या फटीतून पिवळसर अंग दिसत होते. ही खूण आपल्याकडे कापूस, टोमॅटो, भेंडी आणि वांगी यांवर सर्वत्र आढळणाऱ्या बेमिसिया टॅबॅसी या जातीची आहे. पानामागे पांढऱ्या मेणाची गोल-गोल नागमोडी रांगोळी काढलेली असती, तर ती सर्पिल पांढरी माशी आहे असा अंदाज बांधता आला असता. पेरू, जास्वंद आणि शोभेच्या झाडांवर ती बरेचदा दिसते. येथे तशी रांगोळी नव्हती.

यानंतर एकाच वांग्याच्या रोपाची पाने शेंड्यापासून बुंध्यापर्यंत क्रमाने उलटी करून पाहिली. या तपासणीला अर्धा तास गेला, पण पुढचे सगळे नियोजन तिच्यातूनच निघाले. शेंड्याकडच्या दोन-तीन कोवळ्या पानांमागे प्रौढ दाटीने बसले होते आणि त्यांच्यामध्ये खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, उभी रोवलेली अंडी होती. प्रत्येक अंड्याला एक सूक्ष्म देठ असतो आणि मादी तो पानाच्या पेशींत रोवते, म्हणून ती अंडी पाण्याच्या झोताने सहज सुटत नाहीत. मधल्या पानांमागे चपटी, लंबगोल, फिकट पिवळसर-हिरवट पिले पानाला खवल्यासारखी चिकटलेली होती. अंड्यातून निघालेले पिलू पहिले काही तास रांगते, सोयीची जागा शोधते, सोंड रुतवते, आणि त्यानंतर प्रौढ होईपर्यंत जागचे हलत नाही. सर्वांत खालच्या जून पानांमागे कोष होते. काहींच्या आत दोन लाल डोळे स्पष्ट दिसत होते, म्हणजे आतला प्रौढ एक-दोन दिवसांत बाहेर पडणार होता. त्यांच्या शेजारी, पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडलेली पांढरी रिकामी टरफले होती, म्हणजे तेथून प्रौढ निघून गेलेले होते.

मादी नेहमी कोवळे पान निवडते, झाड वर वाढत जाते आणि पान जुने होईपर्यंत त्यावरचे पिलूही वयात येते. त्यामुळे एकाच रोपावर किडीचे वय वरून खाली वाचता येते. काकूंना मी भिंगातून हे तीन मजले दाखवले. प्रौढ उडतात, म्हणून तेवढेच डोळ्यांत भरतात. एरवी अंडी, पिले आणि कोष यांची सारी वस्ती पानामागे स्वस्थ बसलेली असते आणि ती संख्येने उडणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. सापळ्याला फक्त उडणारा प्रौढ चिकटतो. साबण किंवा तेल अंगाला लागले तर प्रौढ आणि लहान पिले मरतात, मात्र अंडी आणि पक्के झालेले कोष बहुतांशी वाचतात. पंधरा दिवसांतून एकदा, तेही वरून फवारले, तर या वस्तीला धक्का लागत नाही.

आणखी दोन गोष्टी त्याच दिवशी ध्यानात आल्या. मिरचीच्या पानांवर काळा थर साचला होता आणि काकूंना तो मिरचीचाच रोग वाटत होता. प्रत्यक्षात मिरचीच्या पानांमागे कीड फार थोडी होती. तिची कुंडी वांग्याच्या पानांखाली येत होती, आणि वरच्या माश्या-पिलांच्या अंगातून सतत झिरपणारा गोड चिकटा तिच्यावर पडून त्यावर काजळी बुरशी वाढली होती. गॅलरीच्या फरशीलाही तळवे चिकटत होते. काजळी ओल्या फडक्याने पुसता येते आणि वरचा चिकटा थांबला की पुन्हा धरत नाही, म्हणून मिरचीला वेगळे बुरशीनाशक द्यायचे नाही असे ठरले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. एका टोमॅटोची शेंड्याकडची पाने बारीक, कडांना पिवळी आणि वरच्या बाजूला वाटीसारखी वळलेली होती, पेरांतील अंतर आखडले होते आणि फुले गळत होती. हा पर्णगुच्छ नावाचा विषाणुरोग आहे आणि पांढरी माशीच तो पसरवते. एकदा विषाणू अंगात गेला की ती माशी पुढे बराच काळ, बहुधा मरेपर्यंत, निरोगी झाडांना तो देत राहते. रोग झालेल्या झाडाला औषध नाही. ते झाड ठेवणे म्हणजे उरलेल्या दोन टोमॅटोंच्या शेजारी रोगाचे भांडार ठेवणे होते.

काम 10 फेब्रुवारीला सुरू झाले. सकाळी साडेसहाला, गारव्याने प्रौढ जडावलेले असताना, रोगट टोमॅटोवर वरून अलगद मोठी प्लॅस्टिकची पिशवी घातली, तोंड बुंध्याशी आवळले आणि मग रोप मुळासकट उपटले. पिशवी न घालता उपटले असते तर विषाणू घेतलेल्या सगळ्या माश्या उडून शेजारच्या रोपांवर बसल्या असत्या. त्यानंतर वांग्यांची आणि उरलेल्या टोमॅटोंची खालची जून पाने, जिथे कोष सर्वांत दाट होते, ती कात्रीने कापून दुसऱ्या पिशवीत भरली. ज्या अवस्थेवर फवारा चालत नाही ती हातानेच काढून टाकली, तर पुढच्या आठवड्यात निघणारे बरेचसे प्रौढ निघण्याआधीच जातात. रोपाच्या पानांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाने एका वेळी काढली नाहीत, कारण त्यापेक्षा जास्त काढल्यास रोप खचते. दोन्ही पिशव्या घट्ट बांधून चार दिवस उन्हात ठेवल्या आणि मग कचऱ्यात दिल्या. काढलेली पाने त्याच गॅलरीतील खताच्या डब्यात टाकली असती, तर कोषांतून प्रौढ निघून परत झाडांवरच आले असते. युरिया बंद केला.

फवारणीचे मिश्रण साधे होते, मात्र ते करण्याची रीत महत्त्वाची होती. एक लिटर पाण्याला घाण्याचे निमतेल 5 मिलिलिटर आणि सौम्य द्रवसाबण 2 मिलिलिटर असे प्रमाण घेतले. फेब्रुवारीच्या पहाटे निमतेल तुपासारखे घट्ट होते, म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी लागली. तेल आणि साबण आधी वाटीत एकजीव घोटायचे, त्यात थोडे-थोडे पाणी घालत जायचे, आणि दुधासारखे पांढरे पाणी झाले की मगच पंपात भरायचे. वर तेलाचा तवंग तरंगताना दिसला तर मिश्रण बिघडले आहे असे समजावे. तसेच फवारले तर पहिल्या झाडांवर नुसते पाणी जाते आणि शेवटच्या झाडांवर तेल जाऊन पाने भाजतात. त्या इमारतीत बोअरचे पाणीही येत असे. त्या जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा साका होतो, म्हणून पिण्याचे पाणी वापरले. कपडे धुण्याची पावडर वापरली नाही, कारण तिच्यातील क्षार आणि विरंजक पानांना सोसत नाहीत. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, उरलेले ठेवायचे नाही, असा नियम केला. पूर्ण फवारणीआधी दोन दिवस प्रत्येक प्रकारच्या झाडाच्या दोन पानांवर ते लावून पाहिले होते. पुदिन्याच्या पानांवर डाग आल्याने पुदिना आणि तुळस या दोन्ही कुंड्यांना तेल वर्ज्य ठेवले. त्यांचे शेंडे खुडून पानांची मागची बाजू नुसत्या पाण्याच्या झोताने धुतली.

फवारणीसाठी दोन लिटरचा हवा भरायचा हातपंप घेतला आणि त्याची तोटी वर वळवली. कुंडी एका हाताने तिरकी करायची, तोटी झाडाच्या खालून आत न्यायची आणि बुंध्याकडून शेंड्याकडे जात पानांच्या मागच्या बाजूवर तुषार सोडायचा, अशी पद्धत ठेवली. साबण आणि तेल हे दोन्ही स्पर्शाने मारतात. ज्या पिलाच्या अंगावर थेंब पोहोचला नाही, ते मरत नाही. म्हणून फवारून झाल्यावर प्रत्येक झाडाची चार-पाच पाने उलटून ओलावा सलग आहे की ठिपक्याठिपक्यांनी आहे, हे पाहायचे ठरले. पहिल्या दिवशी काकूंनी मोठ्या काळजीने फवारलेल्या वांग्याचे एक मधले पान मी उलटले, तर देठाजवळची अर्धी बाजू कोरडी निघाली. वांग्याचे पान रुंद आणि लवदार असते, शिरेच्या बगलेत तुषार अडकतो आणि पुढे जात नाही. दुसऱ्यांदा तोटी फिरवावी लागली. चौदा कुंड्यांना आधी जेमतेम पाऊण लिटर पाणी लागत होते, तिथे या पद्धतीने तीन लिटर लागले.

वेळ सकाळचीच ठेवली. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारपर्यंत ऊन येत नव्हते, त्यामुळे मिश्रण पानांवर बराच वेळ ओले राहत होते आणि उन्हाआधी वाळतही होते. पूर्वेची गॅलरी असती तर हेच काम मी संध्याकाळी सांगितले असते, कारण तेल पानावर असताना कडक ऊन लागले की पान करपते.

किती दिवसांनी फवारायचे, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न होता. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास गरमीत सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो, थंडीत तो लांबतो. पुण्याच्या फेब्रुवारीत तो चार आठवड्यांच्या आसपास धरला. आज फवारले तर आजची पिले मरतील, पण आजची अंडी पुढच्या आठवड्याभरात फुटतील आणि आजच्या कोषांतून रोज थोडे-थोडे प्रौढ निघत राहतील. नव्याने निघालेली मादी एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते. तेव्हा दोन फवारण्यांमधले अंतर एवढे लहान हवे की, अंड्यातून निघालेले प्रत्येक पिलू कोषाची पक्की अवस्था गाठण्याआधी किमान दोनदा फवाऱ्याखाली यावे, आणि हा क्रम एवढा लांब चालावा की पहिल्या दिवशी घातलेले शेवटचे अंडेही त्यात सापडावे. यावरून दर पाच दिवसांनी सहा फवारण्या ठरवल्या : 10, 15, 20 आणि 25 फेब्रुवारी, नंतर 2 आणि 7 मार्च. दर वेळी तेल देण्याऐवजी एक वेळ निमतेल आणि पुढची वेळ शेतीसाठी मिळणारा पोटॅशियम साबण, वेष्टनावरील प्रमाणात, असा आलटून-पालटून क्रम ठेवला, म्हणजे पानांवर तेलाचा थर साचणार नाही. शोषून झाडभर पसरणारी रासायनिक औषधे मी सुचवली नाहीत. वांगी-टोमॅटो घरात खायचे होते, आणि या किडीने त्यांतील अनेक औषधांना दाद न देण्याची ताकद मिळवलेली आहे.

सापळ्यांकडून आता वेगळे काम घ्यायचे होते. जुने भरलेले सापळे काढले, कारण माश्यांनी व धुळीने झाकलेला सापळा चिकटतही नाही आणि पिवळाही दिसत नाही. नवे पाच सापळे, साधारण वहीच्या पानाएवढे, झाडांमध्ये उभे टांगले, खालची कड शेंड्यांच्या किंचित वर येईल असे. पूर्वी ते गॅलरीच्या छताजवळ होते. ही माशी स्वतःहून फार उंच उडत नाही, ती शेंड्याच्या कोवळ्या पानांभोवतीच घोटाळते, आणि कोवळ्या पानांकडे तिला खेचणारा पिवळा-हिरवा रंगच सापळ्यातही काम करतो. प्रत्येक सापळ्यावर जागेचा क्रमांक घातला, आणि दर फवारणीच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या माश्या मोजून वहीत लिहायच्या व सापळा बदलायचा असे ठरले. मोजणी सोपी व्हावी म्हणून पेनाने चौकटी आखल्या.

पहिल्या पाच दिवसांत पाचही सापळ्यांवर मिळून सुमारे 340 माश्या आल्या, दुसऱ्या पाच दिवसांत 310. काकू नाउमेद झाल्या. "एवढे करून फरक तो काय?" हा त्यांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. मात्र सापळ्यावर आज दिसणारा प्रौढ दहा दिवसांपूर्वी पिलू किंवा कोष होता, त्यामुळे आजच्या फवारणीचा परिणाम सापळ्यावर उशिरा उमटतो. तो आधी पानावर दिसतो. त्यासाठी प्रत्येक वांग्याचे एक मधले पान खुडून भिंगाखाली पाहिले आणि पिलांवर नखाचे टोक हलकेच दाबले. जिवंत पिलू फुटून रसाचा ओलावा येतो, मेलेले तपकिरी पडलेले असते आणि कोंड्यासारखे सुटून येते. पहिल्या फवारणीनंतर दहा दिवसांनी दहातली सात-आठ पिले कोरडी निघत होती. त्या पानांकडे पाहूनच पुढचे काम चालू राहिले, आणि तिसऱ्या मोजणीत, 25 फेब्रुवारीला, सापळ्यांवरचा आकडा 120 वर आला.

नेमकी त्याच दिवशीची फवारणी चुकली. घरच्या लग्नासाठी सगळे नाशिकला निघाले होते, सापळे मोजून बदलले गेले पण पंप भरायला सवड मिळाली नाही, आणि आकडा उतरलेला पाहून एक वेळ चुकली तरी चालेल असेही वाटले. 2 मार्चला मोजणी झाली तेव्हा आकडा 205 होता. मधल्या दिवसांत हवाही तापू लागली होती, आणि जी पिले 25 तारखेला फवाऱ्यात सापडायची ती दहा दिवस मोकळी राहून कोषात गेली होती. पानांवर याचा पुरावा होता. खालच्या पानांमागे लाल डोळ्यांचे ताजे कोष पुन्हा दिसले. पुन्हा जून पाने काढावी लागली आणि शेवटची फवारणी 7 मार्चऐवजी 17 मार्चला धरून मधला पाच-पाच दिवसांचा क्रम नव्याने लावावा लागला.

याच मोजणीत दुसरी एक गोष्ट उघड झाली आणि ती सापळ्यांवर क्रमांक घातले नसते तर कळली नसती. 205 पैकी निम्म्याहून अधिक माश्या एकट्या पाचव्या सापळ्यावर होत्या. तो स्वयंपाकघराच्या दाराशी, वांग्यांपासून सर्वांत लांब होता. जवळ तर फक्त कढीपत्ता होता आणि त्याची पाने स्वच्छ होती. म्हणजे माश्या बाहेरून येत होत्या. स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची ड्राय बाल्कनी होती आणि तिच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, दिवाळीत आणलेली एक जास्वंद ठेवलेली होती. फुले येईनात म्हणून ती तिथे सरकवली होती आणि चौदा कुंड्यांच्या हिशेबात ती आलीच नव्हती. तिच्या पानांना हात लावताच पांढरा लोट उठला. पानांची मागची बाजू रिकाम्या टरफलांनी जवळजवळ पांढरी झाली होती, तेव्हा कीड तेथे वांग्यांच्या आधीपासून होती असे मानायला जागा होती. पहिल्या भेटीत घरातील प्रत्येक झाड, दाराबाहेरची तुळसही, पाहायला हवी होती. ती चूक माझी होती. या जास्वंदीची निम्मी छाटणी केली, छाटलेले पिशवीत बांधले, आणि कुंडी इतरांबरोबर फवारणीच्या क्रमात घेतली.

त्यानंतरचे आकडे सलग उतरत गेले : 7 मार्चला 90, 12 मार्चला 40, 17 मार्चला 11. केवळ सापळ्यावर भरवसा ठेवला नाही. वाऱ्याच्या किंवा ढगाळ दिवसांत माश्या कमी उडतात आणि आकडा खोटा उतरतो. 17 मार्चला शेंड्याच्या पानांमागे नवी अंडी मोजकीच होती आणि मधल्या पानांवर जिवंत पिलू शोधावे लागत होते. उरलेल्या दोन टोमॅटोंपैकी एकाच्या शेंड्याची पाने तोपर्यंत वळू लागली होती. फवारणी चुकली त्या सुमारास त्याला विषाणू लागला असणार, कारण लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तेही पिशवी घालून काढले.

सापळ्यांबाबत एक अनुभव येथे नोंदवला पाहिजे. मार्चच्या मध्यावर एका सकाळी चौथ्या सापळ्याला एक लहान पाल चिकटलेली सापडली. कापसाच्या बोळ्याने गोडेतेल लावत, एकेक पाय सोडवत काकूंनी तिला मोकळे केले. त्या दिवसापासून भिंतीला किंवा कठड्याला टेकेल असा एकही सापळा ठेवला नाही. गॅलरीत फुलांवर शिंजीर येत असतील तर सापळ्याभोवती मोठ्या छिद्रांची जाळी गुंडाळावी. माशी आत जाते आणि पक्षी वाचतो.

मार्चअखेर जास्वंदीच्या पानांमागे भिंगाने पाहताना काही कोष काळपट पडलेले दिसले आणि काहींच्या टरफलांना टी आकाराच्या चिरेऐवजी सुईने पाडल्यासारखे गोल भोक होते. अशा भोकातून पांढरी माशी बाहेर पडत नाही. तिच्या पिलात वाढलेली परजीवी गांधीलमाशी ते भोक कुरतडून बाहेर येते. घरगुती फवाऱ्याने हटलेले हे मित्र परत आले होते. पिवळ्या सापळ्याला तेही चिकटतात आणि तेल-साबणाने तेही मरतात, म्हणून पुढची फवारणी केली नाही. काळ्या कोषांची सात-आठ पाने न तोडता झाडावर ठेवली आणि पाचपैकी चार सापळे उतरवले. स्वयंपाकघराच्या दाराशी एक तेवढा राहू दिला. एप्रिलभर त्यावर आठवड्याला तीन-चारच्या पुढे माश्या आल्या नाहीत. मिरचीची नवी पाने काजळीविना निघाली. वांग्यांना छाटणीनंतर नवे फुटवे आले, आणि ते फुटवे उलटून पाहायला काकू आता दर रविवारी भिंग घेऊन बसतात.